भरत आलेला फोन मोकळा करताना: आधी काय हटवावे, शेवटी काय, आणि कशाला हात लावू नये

फोनची साठवण संपत आली की बहुतेक जण आधी कॅशे पुसतात, मग घाईघाईने गॅलरीतले काही फोटो उडवतात, आणि दोन दिवसांनी पाहतात तर ‘जागा अपुरी आहे’ ही सूचना पुन्हा समोर उभी असते. मीही काही वर्षे असेच करत होतो. त्यानंतर घरातल्या आणि ओळखीच्या लोकांचे बरेच फोन मोकळे करून दिले, आणि तेव्हा लक्षात आले की या कामात क्रमाला फार महत्त्व आहे. जे सर्वांत सोपे वाटते ते, म्हणजे कॅशे पुसणे, सर्वांत कमी टिकते. जे कंटाळवाणे वाटते ते, म्हणजे मोठे व्हिडिओ शोधून त्यांची सोय लावणे, महिनोन्‌महिने उपयोगी पडते. म्हणून या लेखातील पायऱ्या नेहमीच्या सवयीच्या उलट्या क्रमाने आहेत.

लेख मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहे. आयफोन वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग दिला आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फोनवर मेनूंची नावे थोडी बदलतात, पण रचना जवळजवळ सारखीच असते.

उदाहरण म्हणून माझ्या काकूंचा ६४ जीबीचा फोन घेतो. सुरुवातीला त्यात फक्त ०.८ जीबी जागा उरली होती. कॅमेरा उघडला की फोटो जतन होत नव्हता आणि व्हॉट्सॲपवर आलेली छायाचित्रे उतरत नव्हती. त्या फोनवर प्रत्येक पायरीला किती जागा मिळाली, ते त्या त्या ठिकाणी सांगेन.

## लागणारे साहित्य

- सुमारे दोन तास सलग वेळ आणि निम्म्याहून अधिक चार्ज असलेला फोन.
- संगणक आणि डेटा वाहून नेणारी केबल. काही केबल केवळ चार्जिंगपुरत्या असतात. त्या लावल्यावर संगणकाला फोन दिसतच नाही.
- संगणक नसेल तर फोनला थेट जोडता येणारा पेन ड्राइव्ह किंवा क्लाउडवरील पुरेशी जागा आणि वाय-फाय.
- फोनवरील खात्यांचे पासवर्ड. एखादे ॲप काढून पुन्हा बसवावे लागले तर ते लागतात.
- एक कागद, ज्यावर प्रत्येक पायरीआधीचा आणि नंतरचा आकडा लिहायचा.

## १. आधी आकडे पाहा, काहीही हटवू नका

सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा. काही फोनवर ते ‘बॅटरी आणि डिव्हाइस केअर’ किंवा ‘अबाउट फोन’ या भागात असते. सापडले नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत स्टोरेज असे टाइप करा. तिथे सिस्टिम, ॲप्स, छायाचित्रे, व्हिडिओ, ऑडिओ, दस्तऐवज आणि ट्रॅश असे वेगवेगळे आकडे दिसतात. हिशेब पूर्ण व्हायला कधीकधी मिनिटभर लागते, तोवर थांबा.

काकूंच्या फोनवर चित्र असे होते: सिस्टिम १६ जीबी, ॲप्स १४.५, व्हिडिओ १७, छायाचित्रे ९.५, दस्तऐवज आणि इतर ४, ऑडिओ १.२ आणि ट्रॅश १ जीबी. सिस्टिमचे १६ जीबी आपल्या हातात नसतात, म्हणून ते सोडून द्यायचे. उरलेल्यात व्हिडिओ सर्वांत वर आहेत. काकूंची मात्र खात्री होती की फोटोंमुळेच फोन भरला आहे आणि त्या कित्येक दिवस एकेक फोटो निवडून हटवत होत्या. साधारण ३ एमबीचे १०० फोटो हटवले तर ०.३ जीबी सुटते. तेवढी जागा काही मिनिटांचा एकच व्हिडिओ व्यापून बसतो. आकडे आधी पाहायचे ते एवढ्याचसाठी.

## २. ट्रॅश रिकामा करा

आजकाल हटवलेली वस्तू लगेच नाहीशी होत नाही. गॅलरी, फाइल व्यवस्थापक आणि गूगल फोटोज या प्रत्येकाचा आपापला ट्रॅश असतो, आणि हटवलेले फोटो व व्हिडिओ तिथे काही दिवस पडून राहतात. अनेक गॅलरी ॲप्समध्ये ही मुदत ३० दिवसांची असते. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या वस्तूंसाठी ती ६० दिवस आणि बॅकअप न झालेल्यांसाठी ३० दिवस आहे. तोपर्यंत फोनवरची त्यांची जागा सुटलेली नसते. ‘इतके हटवले तरी आकडा हलत नाही’ या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते.

तिन्ही ठिकाणचे ट्रॅश उघडा, एकदा नजर फिरवा आणि चुकून गेलेले काही नसेल तर रिकामे करा. काकूंच्या फोनवर इथेच १ जीबी मिळाला. ही पायरी सुरुवातीलाच घेण्याचे कारण असे, की पुढच्या कामासाठी फोनला थोडी मोकळी जागा लागते. अगदी तुडुंब भरलेला फोन प्रत ठेवतानाही अडखळतो.

पुढच्या पायऱ्यांनंतर मात्र ट्रॅश लगेच रिकामा करू नका. एखादी चूक झाली असेल तर ती तिथूनच सुधारता येते, म्हणून शेवटी एकदाच तो रिकामा करू.

## ३. मोठे व्हिडिओ: आधी प्रत, मग पडताळणी, मगच हटवणे

व्हिडिओ इतकी जागा का घेतात, ते आकड्यांवरून कळते. ॲपलने आपल्या फोनसाठी दिलेल्या अंदाजानुसार, नव्या कार्यक्षम स्वरूपात १०८०पी आणि सेकंदाला ३० चौकटी या प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओ सुमारे ६० एमबी होतो. तोच ४के मध्ये ३० चौकटींनी घेतला तर सुमारे १७० एमबी आणि ६० चौकटींनी घेतला तर सुमारे ४०० एमबी होतो. इतर फोनवर आकडे थोडे वेगळे असतील, पण प्रमाण साधारण असेच राहते. म्हणजे ४के मध्ये ६० चौकटींनी घेतलेला दहा मिनिटांचा एक कार्यक्रम ४ जीबी खाऊन टाकतो.

असे व्हिडिओ शोधण्यासाठी फाइल व्यवस्थापकात व्हिडिओंचा विभाग उघडा आणि आकारानुसार क्रम लावा. ‘फाइल्स बाय गूगल’ हे ॲप असेल तर त्याच्या साफसफाईच्या भागात मोठ्या फाइलींची यादी तयारच मिळते. यादीतील वरचे वीस व्हिडिओ पाहा. बहुतेक जागा तिथेच अडकलेली असते. खालच्या शेकडो छोट्या व्हिडिओंवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

जे व्हिडिओ नकोच आहेत, उदाहरणार्थ खिशात चुकून सुरू झालेले चित्रण किंवा जुनी स्क्रीन रेकॉर्डिंग, ते सरळ हटवा. जे हवे आहेत त्यांची प्रत बाहेर काढा. फोन केबलने संगणकाला जोडा, फोनवर वरून सूचना खाली ओढा आणि यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. एरवी फोन नुसता चार्ज होत राहतो. मग संगणकावर फोनची अंतर्गत साठवण उघडून `DCIM` आणि त्यातील `Camera` या फोल्डरमध्ये जा.

येथे एक सापळा आहे. संगणकावर नेताना ‘कट’ करू नका, ‘कॉपी’च करा. केबल हलली किंवा फोन मध्येच बंद पडला तर कट केलेली फाइल दोन्हीकडे अर्धवट राहण्याची भीती असते. कॉपी झाल्यावर पुढील दोन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे दोन्हीकडील फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का. दुसरी म्हणजे संगणकावरील चार-पाच व्हिडिओ उघडून, विशेषतः सर्वांत मोठे, शेवटच्या मिनिटापर्यंत सरकवून पाहा. अर्धवट उतरलेला व्हिडिओ अनेकदा मुळीच उघडत नाही किंवा मध्येच थांबतो. हे पटल्यानंतरच फोनवरून हटवा. जे चित्रण पुन्हा मिळणार नाही, त्याची दुसरी प्रत आणखी एका ठिकाणी ठेवा. संगणकावरील एकच प्रत उरली तर धोका फक्त फोनवरून संगणकावर सरकलेला असतो.

काकूंच्या फोनवर या पायरीत ६.८ जीबी सुटले. त्यांपैकी ४ जीबीहून अधिक जागा केवळ सहा व्हिडिओंनी घेतली होती.

## ४. क्लाउडवर भरवसा ठेवण्यापूर्वी हे समजून घ्या

संगणक नसलेले वाचक गूगल फोटोजसारख्या सेवेवर बॅकअप घेतील. ते चांगलेच आहे, परंतु याच ठिकाणी लोकांचे सर्वांत मोठे नुकसान झालेले मी पाहिले आहे. म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ॲपमधून साध्या ‘हटवा’ बटणाने काढला तर तो फोनवरून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून जातो. ‘क्लाउडवर आहेच, फोनवरचा काढतो’ असे मनात धरून तेच बटण दाबत गेलात तर बॅकअपच पुसला जाईल. यासाठी वेगळी सोय आहे: खात्याच्या चित्रावर टॅप केल्यावर ‘जागा मोकळी करा’, म्हणजे स्क्रीनवरील Free up space, हा पर्याय मिळतो. तो ज्यांचा बॅकअप पूर्ण झाला आहे तेवढेच फोटो आणि व्हिडिओ फोनवरून काढतो आणि क्लाउडवरचे तसेच ठेवतो. एकेका फोटोसाठी ‘डिव्हाइसवरून हटवा’ असाही पर्याय असतो.

हे बटण दाबण्यापूर्वी तीन बाबी पाहा.

पहिली बाब फोल्डरची. सामान्यतः कॅमेऱ्याच्या फोल्डरचाच बॅकअप होतो. व्हॉट्सॲप, स्क्रीनशॉट, डाउनलोड यांसारखे इतर फोल्डर तुम्ही स्वतः चालू केले असतील तरच त्यांचा बॅकअप होतो. त्यामुळे ‘बॅकअप पूर्ण’ असे दिसत असले, तरी तुमच्या फोनवरचे सगळेच वर गेले आहे असे समजू नका.

दुसरी बाब प्रतीची. बॅकअपची गुणवत्ता ‘स्टोरेज सेव्हर’ अशी ठेवलेली असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो १६ मेगापिक्सेलवर आणि १०८०पी पेक्षा वरचे व्हिडिओ १०८०पी वर आणले जातात. त्यानंतर फोनवरची प्रत काढली की मूळ दर्जाची प्रत कुठेच उरत नाही. रोजच्या फोटोंसाठी हे चालून जाते. ज्या चित्रणाचा मूळ दर्जा जपायचा आहे, ते आधी संगणकावर न्या.

तिसरी बाब जागेची. गूगल खात्यासोबत मिळणारी विनामूल्य जागा १५ जीबी आहे आणि ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज यांच्यात वाटली जाते. १ जून २०२१ पासून चढवलेले फोटो, ‘स्टोरेज सेव्हर’मधले असले तरी, त्यात धरले जातात. ही मर्यादा भरली की बॅकअप थांबतो, आणि थांबलेला बॅकअप कित्येकदा कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून फोनवरून काही काढण्यापूर्वी बॅकअप खरोखर पूर्ण झाल्याचा संदेश वाचा आणि संगणकावर किंवा दुसऱ्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन करून, अलीकडचे दोन-चार फोटो तिथे दिसतात याची खातरजमा करा.

## ५. व्हॉट्सॲप: दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या प्रती

काकूंच्या फोनवरील १७ जीबी व्हिडिओंपैकी जवळजवळ ७ जीबी व्हॉट्सॲपचे होते. त्यांतील बरेचसे त्यांनी कधी उघडलेही नव्हते. गटांमध्ये आले आणि आपोआप उतरले.

व्हॉट्सॲपमध्ये सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज आणि डेटा’, मग ‘स्टोरेज व्यवस्थापित करा’ असे जा. वर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ आणि ‘५ एमबीपेक्षा मोठे’ असे दोन गट दिसतात आणि त्याखाली प्रत्येक गप्पेने किती जागा घेतली आहे ते उतरत्या क्रमाने दिसते. आधी ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ उघडा. तिथे बहुतेक शुभेच्छा आणि ऐकीव माहितीचे व्हिडिओ असतात आणि निर्णय पटकन होतो. नंतर ‘५ एमबीपेक्षा मोठे’ हा गट आकारानुसार लावून सावकाश पाहा. त्यात एखादा महत्त्वाचा दस्तऐवज किंवा घरातला व्हिडिओही असतो, म्हणून ‘सर्व निवडा’ दाबून मोकळे होऊ नका. जे जपायचे आहे ते आधी बाहेर काढा. व्हॉट्सॲपवरून हटवलेला जुना व्हिडिओ परत उतरवता येईल या आशेवर राहू नका. बहुधा पाठवणाऱ्यालाच तो पुन्हा पाठवायला सांगावे लागते.

हटवताना त्याच फाइलच्या इतर प्रतीही हटवायच्या का, अशी चौकट दिसू शकते. एकच व्हिडिओ तीन गटांत आला असेल तर ती खूण केल्याने तिन्ही ठिकाणच्या प्रती जातात. नको असलेल्या फॉरवर्डसाठी ती खूण अवश्य करा.

आता न दिसणाऱ्या प्रतींविषयी. तुम्ही गॅलरीतून एखादा व्हिडिओ कोणाला पाठवता तेव्हा व्हॉट्सॲप त्याची लहान केलेली स्वतंत्र प्रत तयार करते आणि ती `Sent` नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. हा फोल्डर गॅलरीत सहसा दिसत नाही. म्हणजे कॅमेऱ्यातला मूळ व्हिडिओ फोनवर आहेच आणि शिवाय पाठवलेली प्रतही आहे. ती पाहायची असेल तर फाइल व्यवस्थापकातून या मार्गाने जा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Video/Sent
```

मूळ व्हिडिओ सुरक्षित असल्याची खात्री असेल तर येथील फाइली हटवता येतात. फक्त त्या गप्पेतील तो व्हिडिओ मग उघडणार नाही. `Media` च्या आतील `WhatsApp Images` मध्येही असाच `Sent` फोल्डर असतो, पण तिथून फार जागा मिळत नाही. जवळच्याच `Databases` या फोल्डरला मात्र हात लावू नका. त्यात तुमच्या संदेशांचे फोनवरील बॅकअप असतात.

या पायरीत काकूंच्या फोनवर ५.९ जीबी सुटले.

## ६. दुहेरी फोटो: कोणती प्रत ठेवायची?

दुहेरी फोटोंचे दोन प्रकार वेगळे ओळखा. पहिल्या प्रकारात दोन्ही फाइली अगदी हुबेहूब असतात, जसे एकच चित्र दोनदा डाउनलोड झालेले. ‘फाइल्स बाय गूगल’च्या साफसफाईच्या भागात अशा जोड्या एकत्र दाखवल्या जातात आणि त्यांतील एक ठेवून दुसरी काढता येते. इथे धोका जवळजवळ नाही.

दुसऱ्या प्रकारात चित्र एकच असते, पण फाइली वेगळ्या असतात. कॅमेऱ्यातला मूळ फोटो ३-४ एमबीचा आणि व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली त्याची प्रत काहीशे केबींची, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हुबेहूब फाइली शोधणाऱ्या साधनाला ही जोडी सापडत नाही, ती आपल्यालाच ओळखावी लागते, आणि घाईत लोक नेमका मूळ फोटो हटवून लहान प्रत ठेवतात, कारण फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच स्पष्ट दिसतात. छापायला दिल्यावर किंवा मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर फरक कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

फाइलचे नाव पाहिले की ओळख पटते. नावे साधारण अशी असतात:

```
IMG_20240115_101523.jpg     कॅमेऱ्यातील मूळ
IMG-20240115-WA0007.jpg     व्हॉट्सॲपची प्रत
```

नावात `WA` असेल तर ती व्हॉट्सॲपची प्रत समजा. तिच्या नावातील तारीख फोटो काढल्याची नसून तो आल्याची किंवा पाठवल्याची असते, आणि फोटो कुठे व केव्हा काढला ही आतली माहितीही त्या प्रतीत राहत नाही. जोडी सापडली की फोटोचा तपशील उघडून आकार पाहा आणि मोठी फाइल ठेवा. मूळ फोटो तुमच्याकडे नसेल, म्हणजे तो दुसऱ्या कोणी काढून पाठवला असेल, तर `WA` असलेली प्रतच तुमची एकमेव प्रत आहे. ती दुहेरी नाही.

एकामागोमाग काढलेले सारखे फोटो हा तिसरा प्रकार म्हणता येईल, पण तिथे निवड फक्त डोळ्यांनीच करता येते आणि वेळ फार जातो. ते काम निवांतपणे, थोडे थोडे करावे. काकूंच्या फोनवर दुहेरी फोटोंतून ०.९ जीबी मिळाले. मेहनतीच्या मानाने हे कमी आहे, आणि म्हणूनच ही पायरी मी व्हिडिओंच्या नंतर ठेवतो.

## ७. न वापरलेली ॲप्स

प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर टॅप करून ‘ॲप्स आणि डिव्हाइस व्यवस्थापित करा’ उघडा आणि ‘व्यवस्थापित करा’ या भागात यादीचा क्रम ‘सर्वांत कमी वापरलेली’ असा लावा. नंतर तीच यादी आकारानुसार लावून पाहा. दोन्ही याद्यांत वर असलेले ॲप काढण्यास योग्य.

ॲप काढण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा: या ॲपमधली माझी माहिती खात्यावर आहे की फक्त या फोनवर? लॉगिन करून वापरत असलेल्या ॲपची माहिती बहुधा सर्व्हरवर असते आणि ॲप पुन्हा बसवल्यावर परत येते. लॉगिनशिवाय चालणाऱ्या नोंदवह्या, खर्चाचा हिशेब, आवाज ध्वनिमुद्रित करणारी ॲप्स यांची माहिती फोनवरच असू शकते. दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणाऱ्या ॲपच्या बाबतीत तर विशेष सावध राहा. त्यातील खाती दुसरीकडे हलवल्याशिवाय ते काढले तर इतर खात्यांत शिरणेच अडू शकते. बँकेचे ॲप काढले तर पुन्हा नोंदणी करावी लागते, म्हणून त्याचा मोह टाळलेला बरा.

नव्या अँड्रॉइडवर ॲप ‘अर्काइव्ह’ करण्याची सोय आहे. त्यात ॲपचा मोठा भाग काढला जातो, पण तुमची माहिती आणि चिन्ह राहते. चिन्हावर टॅप केले की ॲप पुन्हा उतरते. वर्षातून एक-दोनदा लागणाऱ्या ॲप्ससाठी ही उत्तम सोय आहे. फोनसोबत आलेली काही ॲप्स काढता येत नाहीत, फक्त ‘बंद’ करता येतात. तसे केल्यावर त्यांची अद्ययावत आवृत्ती निघून जाऊन थोडी जागा मिळते, पण फार अपेक्षा ठेवू नका.

काकूंनी अकरा ॲप्स काढली आणि दोन अर्काइव्ह केली. त्यांतून ३.२ जीबी सुटले, त्यातले निम्म्याहून अधिक दोन खेळांचे होते.

## ८. कॅशे, सर्वांत शेवटी

कॅशे म्हणजे ॲपने पुढच्या वेळी लवकर उघडावे म्हणून तात्पुरती साठवलेली चित्रे आणि पाने. ती पुसली तर तुमचे काही जात नाही, पण ॲप वापरू लागताच ती पुन्हा भरू लागते. शिवाय जागा फारच कमी झाली तर अँड्रॉइड स्वतःहून ॲप्सची कॅशे काढू शकते. त्यामुळे कॅशे पुसून मिळालेली जागा म्हणजे काही दिवसांची उसनवारी. एखाद्या ॲपची कॅशे अवाढव्य झाली असेल किंवा ते ॲप बिघडल्यासारखे वागत असेल, तर मात्र ती पुसण्यात अर्थ आहे.

सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ उघडा, ॲप निवडा आणि त्यातील ‘स्टोरेज’ भागात जा. इथे दोन बटणे शेजारी असतात, आणि या संपूर्ण लेखातला सर्वांत वाईट सापळा हाच. `Clear cache` हे बटण निर्धोक आहे. `Clear storage` किंवा `Clear data` हे बटण ॲपची फोनवरील सगळी माहिती पुसते: लॉगिन, सेटिंग्ज, उतरवून ठेवलेल्या फाइली, नोंदी, सगळे. ॲप नुकतेच बसवल्यासारखे कोरे होते, आणि या माहितीसाठी कोणताही ट्रॅश नसतो. अनेक वर्षांपूर्वी मी एका नोंदवहीच्या ॲपवर घाईत हे दुसरे बटण दाबले आणि दोन वर्षांच्या नोंदी गमावल्या. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. तेव्हापासून बटणावरचा शब्द पूर्ण वाचल्याशिवाय मी बोट टेकवत नाही, आणि तुम्हालाही तेच कळकळीने सांगेन.

ब्राउझर, व्हिडिओ आणि समाजमाध्यमांची ॲप्स यांची कॅशे सहसा सर्वांत मोठी असते. पहिली पाच-सहा ॲप्स पाहिली तरी पुरे. गाणी, व्हिडिओ आणि नकाशे यांच्या ॲप्समध्ये ‘ऑफलाइन’ उतरवलेला मजकूर कॅशेत मोजला जात नाही, तो त्या त्या ॲपच्या आतील डाउनलोडच्या भागातून काढावा लागतो. टेलिग्रामच्या सेटिंग्जमध्येही साठवणीचा वेगळा भाग आहे. तिथून कॅशे पुसली तरी नेहमीच्या गप्पांतील फाइली टेलिग्रामच्या सर्व्हरवर राहतात आणि लागल्यास पुन्हा उतरतात. व्हॉट्सॲपचे तसे नाही, हा फरक विसरू नका.

काकूंच्या फोनवर कॅशेतून १.६ जीबी सुटले.

‘फोन एका टॅपमध्ये स्वच्छ’ असे सांगणारी अनोळखी ॲप्स यासाठी बसवू नका. ती सगळ्या फाइली पाहण्याची परवानगी मागतात, जाहिराती दाखवतात, स्वतः जागा घेतात आणि शेवटी कॅशेच पुसतात, जी तुम्ही आत्ताच स्वतः पुसली.

## ९. फोन पुन्हा सुरू करा, आकडे ताडून पाहा

फोन बंद करून सुरू करा आणि स्टोरेजचे पान पुन्हा उघडा. दोन-तीन दिवस फोन नेहमीसारखा वापरा, काही चुकून गेले आहे का ते पाहा आणि मग सर्व ट्रॅश शेवटचे रिकामे करा. व्हिडिओ आणि फोटोंची पूर्ण जागा त्यानंतरच मोकळी दिसेल.

काकूंच्या कागदावरचा हिशेब असा झाला: ट्रॅश १, मोठे व्हिडिओ ६.८, व्हॉट्सॲप ५.९, दुहेरी फोटो ०.९, ॲप्स ३.२ आणि कॅशे १.६, मिळून १९.४ जीबी. आधीचे ०.८ धरून २०.२ जीबी मोकळे झाले. यातील जवळजवळ दोन तृतीयांश जागा फक्त तिसऱ्या आणि पाचव्या पायरीने दिली. वेळ कमी असेल तर या दोनच करा.

## आयफोन वापरत असाल तर

सेटिंग्ज, ‘जनरल’, ‘आयफोन स्टोरेज’ असे जा. ॲपच्या नावावर टॅप केल्यावर ‘ऑफलोड ॲप’ आणि ‘डिलीट ॲप’ असे दोन पर्याय मिळतात. पहिला ॲप काढतो पण त्याची माहिती ठेवतो, दुसरा दोन्ही काढतो. अँड्रॉइडसारखे प्रत्येक ॲपसाठी कॅशे पुसण्याचे बटण इथे नाही. आयओएस १६ पासून फोटोज ॲपमध्ये दुहेरी फोटोंचा अल्बम आहे, ज्यात जोड्या एकत्र करता येतात आणि चांगल्या दर्जाची प्रत ठेवली जाते. हटवलेले फोटो ‘रिसेंटली डिलीटेड’ अल्बममध्ये ३० दिवस राहतात. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनवरून हटवलेला फोटो आयक्लाउडवरूनही जातो. जागा वाचवण्यासाठी हटवण्याऐवजी ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ हा पर्याय चालू करावा, म्हणजे मूळ फोटो आयक्लाउडवर राहून फोनवर लहान प्रत ठेवली जाते.

## १०. पुन्हा भरू नये म्हणून दोन सेटिंग्ज

व्हॉट्सॲपच्या ‘स्टोरेज आणि डेटा’ भागात मीडिया आपोआप उतरण्याचे पर्याय मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग यांसाठी वेगवेगळे असतात. लोक मोबाइल डेटाचा पर्याय बंद करतात आणि वाय-फायचा तसाच ठेवतात, आणि घरी आल्यावर दिवसभराचे सगळे व्हिडिओ एकदम उतरतात. तिन्ही ठिकाणी व्हिडिओवरील खूण काढा. हवा तो व्हिडिओ टॅप करून उतरवता येतोच.

दुसरे सेटिंग कॅमेऱ्याचे. व्हिडिओची प्रत ४के वर असेल तर ती १०८०पी आणि ३० चौकटींवर आणा, आणि एखाद्या खास प्रसंगापुरतीच वाढवा. काकूंच्या फोनवर ती ४के वरच होती, आणि त्या सहा मोठ्या व्हिडिओंचे मूळ तिथेच होते.